आमटीतला केस, डोक्यावरचा केस

पांढऱ्या केसांना कलप लावावा की ते तसेच राहू द्यावेत, हा वाद आता लग्नाच्या पंगतीपासून फोनवरच्या नातेवाइकांच्या गटापर्यंत कुठेही पेटतो. एक बाजू म्हणते, रूप म्हणजे चार दिवसांचा खेळ, नाशिवंत देहाला रंग कसले फासता? आणि आधाराला एका दमात बुद्ध, संत आणि हल्ली रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस यांना उभं करते. दुसरी बाजू चिडून म्हणते, शरीर नश्वर असल्याची ही जुनी रड म्हणजे शरीराचा द्वेष, आणि त्यातही बायकांच्या शरीराचा. माझं शरीर जसं आहे तसं सुंदरच आहे. मला दोन्ही बाजू कच्च्या वाटतात. सौंदर्याची अनित्यता ही शिकवण बौद्धांनी आणि मार्कसच्या पंथातल्या ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांनी, स्टोइकांनी, औषधासारखी वापरली. औषधाला मात्रा असते, पथ्य असतं, आणि मुख्य म्हणजे ते कोणत्या रोग्याला द्यायचं नाही हेही ठरलेलं असतं. गर्वावर हे औषध लागू पडतं. स्वतःच्या रूपाचा तिटकारा करणाऱ्याला तेच जसंच्या तसं दिलं तर अपाय होतो. आणि दुसऱ्याच्या घशात ओतलं की त्याचा टोमणा होतो. हे सगळं त्या जुन्या ग्रंथांतच स्पष्ट सांगितलेलं आहे. वाद मात्र ते न उघडताच चालला आहे.

पांढऱ्या केसाचीच गोष्ट घ्यायची तर बुद्धाच्या उपदेशांच्या पाली संग्रहात, मज्झिम निकायात, मिथिलेचा मखादेव राजा आहे. त्यानं आपल्या न्हाव्याला सांगून ठेवलं होतं की माझ्या डोक्यात पिकलेला केस दिसला की मला सांग. एक दिवस न्हाव्याला तो दिसला. राजानं तो नीट चिमट्यानं उपटून तळहातावर ठेवायला सांगितला, मुलाला बोलावलं आणि म्हणाला, देवदूत आले. आता राज्य तू सांभाळ. जाता जाता न्हाव्याला एक गाव इनाम दिलं. या कथेतला वैराग्याचा भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो. मला महत्त्वाचा वाटतो तो करार. बातमी राजानंच मागितली होती. न्हाव्यानं आपण होऊन, चारचौघांत, ‘महाराज, पिकलात हो!’ असं म्हटलं नाही. लग्नात भेटल्या भेटल्या ‘अगं, किती पांढरे झाले तुझे!’ म्हणणारी आत्या आणि हा न्हावी यांच्यात फरक आहे तो एवढाच, आणि शिकवण की छळ हे त्या फरकावरच ठरतं. स्टोइकांकडेही हेच दिसतं. ग्रीसमधल्या निकोपोलिसला शिकवणाऱ्या एपिक्टेटस या स्टोइक गुरूकडे वक्तृत्व शिकणारा एक तरुण केस फार नटवून येतो. शिकायला आलेला असूनही त्याला बोलावं की नाही याचा एपिक्टेटस मोठ्यानं विचार करतो. बोललो तर हा दुखावेल, न बोललो तर मी गुरू कसला? गुरूलाही जिथे इतकी चाचपणी करावी लागते तिथे आपल्याला न मागता बोलण्याचा अधिकार कुणी दिला?

आता औषध प्रत्यक्षात कसं घेतात ते पाहू, कारण ‘नश्वर आहे, नश्वर आहे’ असं घोकणं म्हणजे ते घेणं नव्हे. बौद्ध परंपरेत शरीराचे बत्तीस भाग मोजण्याची साधना आहे आणि तिची सुरुवात केसापासून होते. केस, लोम, नखं, दात, त्वचा ही पहिली पाच नावं नव्या श्रामणेराला दीक्षेच्या वेळीच देतात. आधी सुलट म्हणायची, मग उलट. पाली भाष्यकार बुद्धघोषानं पाचव्या शतकात अनुराधपुरात लिहिलेल्या ‘विसुद्धिमग्गा’त या साधनेचा तपशील आहे. (गोव्यातल्या सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी याच ग्रंथावर अमेरिकेत जाऊन काम केलं, हार्वर्डची ती आवृत्ती त्यांच्या निधनानंतर, १९५० साली निघाली.) केसाकडे पाच बाजूंनी पाहायचं. रंग: मूळचा काळा. आकार: तराजूच्या दांडीसारखा लांब नि गोल. दिशा: शरीराच्या वरच्या अंगाला. जागा: कवटीला गुंडाळलेल्या ओल्या कातडीवर, पुढे कपाळाच्या कडेपर्यंत, मागे मानेच्या खळग्यापर्यंत, दोन्ही बाजूंना कानांच्या मुळांपर्यंत. मर्यादा: खाली भाताच्या दाण्याच्या टोकाएवढा कातडीत रुतलेला, वर आकाश, आजूबाजूला दुसरे केस, आणि दोन केस कधी एक नसतात. बस. यात ‘छान’ नाही आणि ‘घाण’ही नाही. एखादा मोजणीदार बांध मोजेल तसं हे काम आहे.

त्यानंतर बुद्धघोष किळसेकडे वळतो आणि उदाहरण देतो ते कुठल्याही खानावळीत पटेल असं. पेजेत किंवा भातात केस निघाला की माणसं म्हणतात, हे उचला, यात केस आहे. डोक्यावर ज्याला तेल लावून, विंचरून, फुलं माळून मिरवलं तोच हा केस. पुढचं वाक्य याहून खोल आहे. रात्री अंधारात जेवताना रुईच्या सालीचा केसासारखा धागा नुसता बोटाला लागला तरी माणसाला तशीच किळस येते. म्हणजे केस तिथे नव्हताच! किळस केसात असती तर धागा लागून ती आलीच नसती. आणि किळस जर आपण आणलेली, तर डोक्यावरच्या त्याच केसाचा दिमाख तरी कुणी आणला? याच ग्रंथात पुढे, धातूंच्या प्रकरणात, केसाची आणखी एक उपमा येते: वारुळाच्या माथ्यावर गवत उगवतं, वारुळाला ठाऊक नसतं की माझ्यावर गवत आहे, गवताला ठाऊक नसतं की मी वारुळावर आहे. केसांचं नि टाळूचं तसंच. पांढरं व्हायचं की काळं राहायचं, हा तुमच्याविषयीचा अभिप्राय म्हणून केसानं घेतलेला निर्णय नाही.

इथे दुसऱ्या बाजूचा एक आवडता दिलासा मोडीत निघतो. ‘खरं सौंदर्य आत असतं’ हे वाक्य आपण बुद्धाच्या नावावर बिनदिक्कत खपवतो. चोखोबांचा ‘काय भुललासी वरलिया रंगा’ हा सवाल त्या अर्थानं जरूर वाचता येतो. पण सतिपट्ठान सुत्तात बुद्ध आत पाहायला सांगतो तेव्हा आत सापडतं ते यकृत, प्लीहा, आतडी आणि कफ. उपमा धान्याच्या पोत्याची आहे. दोन्हीकडे तोंड असलेलं पोतं, त्यात साळ, भात, मूग, उडीद, तीळ, तांदूळ मिसळलेले. डोळस माणूस ते सोडतो आणि म्हणतो, ही साळ, हे मूग, हे तीळ. मूग पाहून तो हरखत नाही आणि उडीद पाहून नाक मुरडत नाही. ‘आतलं सौंदर्य’ ही कल्पना खरं तर स्टोइकांची. एपिक्टेटस त्या नटव्या तरुणाला म्हणतो, तू मांस नाहीस, केस नाहीस, तू तुझी निवड करणारी शक्ती आहेस. ती सुंदर केलीस तर तू सुंदर होशील. बौद्ध इतकंही हातात देत नाहीत. दोघांना एकाच फलकावर चिकटवणाऱ्यांनी हा फरक निदान पाहावा.

आता विरोधी बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा, आणि तो मला मान्य आहे. किळस शिकवली की माणूस स्वतःचीच किळस करू लागतो. हा धोका मोघम नाही, त्याची नोंद त्रिपिटकातच आहे. वैशालीला बुद्धानं भिक्षूंना अशुभ भावना शिकवली आणि स्वतः पंधरा दिवस एकांतात गेला. भिक्षूंना आपल्या शरीराची शिसारी आली. डोक्यावरून न्हाऊन सजलेल्या तरुणाच्या गळ्यात मेलेला साप अडकवावा तसं त्यांना स्वतःचं शरीर वाटू लागलं, आणि अनेकांनी जीव दिला. परत आल्यावर बुद्धानं आनंदाला विचारलं, संघ इतका विरळ का दिसतो? कारण कळल्यावर त्यानं उरलेल्यांना श्वासावर लक्ष ठेवण्याची, आनापानाची साधना दिली. आपल्याच शिकवणीनं झालेला एवढा मोठा अनर्थ जी परंपरा आपल्याच ग्रंथात जपून ठेवते, तिला शरीरद्वेष्टी म्हणताना जरा थांबायला हवं. पण ‘नाशिवंत देह’ ऐकवत फिरणाऱ्यांनी त्याहून जास्त वेळ थांबायला हवं.

बुद्धघोष हा धडा नियमात बसवतो. अशुभाच्या दहा भावना आणि बत्तीस भागांची साधना ‘रागचरित’ माणसासाठी, म्हणजे ज्याचं मन चिकटतं त्याच्यासाठी. ‘द्वेषचरित’ माणसाला यातलं काही नाही. त्याला मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा, किंवा निळा, पिवळा, तांबडा, पांढरा असे रंग पाहण्याची साधना. माणूस कोणत्या प्रकृतीचा हे ओळखायच्या खुणाही दिल्या आहेत. झाडताना पाहा, असं तो म्हणतो. रागचरित केरसुणी नीट धरून सावकाश, फुलं अंथरल्यासारखं सारखं झाडतो. द्वेषचरित ती घट्ट आवळून, घाईनं, दोन्हीकडे वाळू उडवत, खरखर आवाज करत झाडतो आणि तरी जागा स्वच्छ होत नाही. आपल्या कामाची खूण मात्र माणूस कसं पाहतो ही आहे. रागचरित बारीकशा गुणात अडकतो आणि खरा दोषही मनावर घेत नाही. द्वेषचरित बारीकशा दोषावर आपटतो आणि असलेला गुणही जमेस धरत नाही. आता आरशासमोर उभी असलेली एकोणीस वर्षांची मुलगी आठवा, जिला अख्ख्या चेहऱ्यात हनुवटीवरची एक पुटकुळी तेवढी दिसते. या निकषानं ती कुठे बसते? स्वतःच्या रूपाच्या बाबतीत तरी ती द्वेषचरित आहे. तिला ‘रूप काय, जाणारच’ म्हणणं म्हणजे ज्याला मुळातच भूक नाही त्याला लंघन सांगणं. तिच्यासाठी ग्रंथात मैत्रीभावना आहे, आणि तिची पहिली पायरी शेजाऱ्यापासून नाही, स्वतःपासून सुरू होते: मी सुखी असो, मला दुःख नसो. गफलत झाली हे ओळखायची खूणही सोपी आहे. शरीराच्या भागांच्या मोजणीनंतर मन शांत, जरासं कोरडं वाटलं तर मात्रा बरोबर. आरशापुढून पळावंसं वाटलं, स्वतःला ओरबाडावंसं वाटलं, तर तिथेच थांबायचं आणि श्वासाकडे वळायचं. तरीही ते टिकलं, तर ते काम ग्रंथाचं नाही, डॉक्टरचं आहे.

मग अनित्यतेचा न्यूनगंडाला काहीच उपयोग नाही का? आहे, पण वेगळ्या दारानं. पालीत ‘मान’ नावाचा एक क्लेश आहे, आणि तो तीन तोंडांनी बोलतो: मी श्रेष्ठ आहे, मी बरोबरीचा आहे, मी हीन आहे. तिसरं तोंड पाहून आपण दचकतो, कारण आपल्याकडे गर्व हा दुर्गुण आणि न्यूनगंड ही बिचारी अवस्था मानली जाते. इथे दोघांचं मूळ एकच मानलं आहे: स्वतःला सतत दुसऱ्याच्या शेजारी उभं करून पाहणं. म्हणून न्यूनगंडावर ‘नाही गं, तू सुंदरच आहेस’ हा उतारा चालत नाही. तो तिसऱ्या तोंडाला गप्प करून पहिल्याला चारा घालतो, आणि पुढच्या लग्नात आणखी देखणी कुणी भेटली की परत तिसरं सुरू. अंगुत्तर निकायात स्त्री असो वा पुरुष, गृहस्थ असो वा भिक्षू, सर्वांनी वारंवार आठवायच्या पाच गोष्टी आहेत. त्यातली पहिली, ‘मी जराधर्मी आहे, म्हातारपण मला चुकलेलं नाही’. हेतू तारुण्याचा मद उतरवणं, असं तिथे स्वच्छ लिहिलं आहे. पण पुढे दुसरी पायरी येते, जी सहसा कुणी सांगत नाही: जराधर्मी मी एकटाच नाही, जे जे जन्मले ते सगळे आहेत. पहिली पायरी गर्वाची आहे. दुसरी न्यूनगंडाला उपयोगी, कारण ती शेजारच्या देखणीलाही त्याच रांगेत आणून उभं करते, तिच्याविषयी वाईट न चिंतता.

स्टोइक हेच तुलनेचं मूळ वेगळ्या हत्यारानं छाटतात. एपिक्टेटस म्हणतो, घोडा जर म्हणाला ‘मी सुंदर आहे’ तर एकवेळ चालेल. पण तू जेव्हा ‘माझा घोडा सुंदर आहे’ म्हणून फुगतोस तेव्हा ते श्रेय घोड्याचं असतं, तुझं काय? केसांना हे लावून पाहा. दाट केस आजीकडून आले, त्यात तुझी कमाई कोणती? आणि विरळ केस बापाकडून आले, तर त्यात तुझा गुन्हा तरी कोणता? एकाच तर्कानं दोन्ही गाठोडी खाली ठेवली जातात, म्हणून मला हे उदाहरण अनित्यतेच्या शंभर दाखल्यांपेक्षा जास्त कामाचं वाटतं. मार्कस ऑरेलियस विचारतो, कुणी वाखाणलं नाही म्हणून पाचू कमअस्सल होतो का? फोटोखालचे अंगठे मोजणाऱ्याला याहून थेट प्रश्न मला माहीत नाही.

दुसरा आक्षेप बायकांचा, आणि त्यातही खूप तथ्य आहे. भिक्षूंसाठी लिहिलेल्या ग्रंथांत स्त्रीचं शरीर हे मोहाचं आणि मग किळसेचं साधन म्हणून येतं. अनुराधपूरच्या वाटेवर हसणारी एक स्त्री महातिस्स थेरांना भेटली, त्यांना फक्त तिचे दात दिसले, आणि मागून शोधत आलेल्या नवऱ्याला ते म्हणाले, बाई गेली की पुरुष ठाऊक नाही, हाडांचा सांगाडा चालत गेला. थेरांना त्याच क्षणी अर्हतपद मिळालं म्हणे. घर सोडून निघालेल्या त्या बाईचं पुढे काय झालं, हे विचारायची गरज कुणालाच वाटली नाही. हा एकांगीपणा झाकायचं कारण नाही. पण नखरा फक्त बायकांचा मानला होता हे खरं नाही. संयुत्त निकायात बुद्ध रागावतो तो आपल्याच भावावर: नंद इस्त्रीसारखं चोपून गुळगुळीत केलेलं चीवर नेसून, डोळ्यांत अंजन घालून, चकचकीत पात्र घेऊन आला म्हणून. (हाच नंद संघात गेल्याचं कळून कोसळलेली त्याची बायको सुंदरी म्हणजे अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातलं ते प्रसिद्ध चित्र, असं मानतात. भिक्षूंच्या विहारात इतक्या देखण्या भिंती का, हा वेगळ्याच लेखाचा विषय.) रोमचा स्टोइक लेखक सेनेका तर पुरुषांना आडवंच घेतो. न्हाव्याकडे तासन्‌तास बसणारे, रात्रीत उगवलेलं एकेक लव उपटून घेणारे, एकेका केसावर खलबत करणारे आणि न्हावी जरा चुकला की माणूस कापल्यासारखे भडकणारे हे लोक. यांना राज्य विस्कटलेलं चालेल, पण केस नाही!

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. ‘गोरी, नाकीडोळी नीटस’ अशा जाहिराती अजून छापल्या जातात, मुलाखतीत पांढरे केस पाहून वय विचारलं जातं. रूपाला बाजारात भाव आहे, मग ते क्षणिक म्हणून सोडून कसं द्यायचं? सोडा असं स्टोइकांनी कधी म्हटलंच नाही. त्यांच्या हिशेबात सौंदर्य आरोग्य आणि बळ यांच्या ओळीत बसतं: चांगलं-वाईट ठरवणारं नाही, पण मिळत असेल तर घ्यावं असं. म्हणजे नोकरीसाठी कलप लावणं हा त्यांच्या लेखी दोष नाही. दोष सुरू होतो तो कलप संपलेल्या दिवशी घराबाहेर पाऊल टाकवत नाही तिथे. विनयातला, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमसंग्रहातला, आरशाचा नियमही असाच व्यवहारी आहे. भिक्षूनं आरशात किंवा पाण्याच्या भांड्यात तोंड पाहू नये. मात्र चेहऱ्यावर काही दुखणं असेल तर पाहायला मुभा आहे. बाजाराचा अन्याय मात्र या शिकवणीनं हटत नाही. गोऱ्या सुनेचा हट्ट धरणाऱ्या सासूला अनित्यता शिकवून काही होत नाही, तिच्याशी भांडावंच लागतं.

सेनेकाचं एक पत्र इथे आठवतं. तो आपल्या गावाकडच्या वाड्यावर गेला आणि डागडुजीचा खर्च पाहून कारभाऱ्यावर उखडला. कारभारी म्हणाला, माझी हयगय नाही हो, वाडाच जुना झालाय. आणि तो वाडा सेनेकानं स्वतः उभा केलेला. पहिली प्रतिक्रिया राग आणि दुसऱ्यावर ठपका, हे त्यानं लपवलं नाही. आपणही आधी साबण बदलतो, मग पाणी, मग केस कापणारा. मग तो लिहितो की फळं सरत आली की सर्वांत गोड लागतात. मार्कसही भाजताना तडकलेल्या पावाकडे आणि पिकून फुटलेल्या अंजिराकडे बोट दाखवतो, आणि म्हणतो की सराव झालेल्या नजरेला म्हाताऱ्या स्त्री-पुरुषांतही एक पक्वता दिसते. सौंदर्य उणे करून झाल्यावर ते परत कसं मिळतं, हे दाखवणारी ही त्याच्या लिखाणातली विरळा जागा.

पण या सगळ्यांत मला अधिकारी वाटते ती आम्रपाली. वैशालीची गणिका, नंतर थेरी, म्हणजे ज्येष्ठ भिक्षुणी. थेरीगाथेत तिच्या एकोणीस गाथा आहेत आणि सुरुवात केसांपासूनच: ‘काळका भमरवण्णसादिसा’, भुंग्यासारखे काळे, टोकाशी कुरळे माझे केस होते, आता ते तागाच्या सालीच्या धाग्यांसारखे झाले. मग भुवया, डोळे, नाक, दात, हात, पाय. शेवटी शरीर म्हणजे गिलावा पडलेलं जुनं घर. तिच्याकडे बोट दाखवून हे कुणी भिक्षू बोलत नाही. आपल्याच शरीराची यादी ती स्वतः करते, धान्याचं पोतं सोडणाऱ्याच्या स्वरात. ‘तरी मी सुंदरच आहे’ असं ती म्हणत नाही, आणि ‘मी काय होते नि काय झाले’ असा गळाही काढत नाही. मधेच आवाजाची गाथा येते. वनात फिरणाऱ्या कोकिळेसारखा माझा आवाज गोड होता, आता तो जागोजागी अडखळतो. गाथा रथोद्धता वृत्तात आहे. मोठ्यानं म्हणून पाहा, अडखळण्याच्या त्या ओळीत एकही मात्रा चुकलेली नाही.